मधल्या दिवसांतली कळ आणि लाल डाग: बाळासाठी ट्राय करताना याचा उपयोग होतो का?

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी क्लिनिकला आली, नाव बदलून तिला स्नेहा म्हणूया. वय २९, वारज्याला राहते, हिंजवडीत नोकरी, नवरा चाकणच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये. आठ महिने झाले ते बाळासाठी ट्राय करत होते, पण ती त्यासाठी आली नव्हती. बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, मला महिन्यातून दोनदा पाळी येते, आणि ती दुसरी यायच्या आदल्या दिवशी उजव्या बाजूला असं काही दुखतं की गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की डोळ्यात पाणी येतं, आई म्हणते अपेंडिक्स असेल, दाखवून ये."

मी विचारलं, दुसऱ्या वेळी पॅड लागतो का? नाही म्हणाली, पुसलं की टिश्यूला गुलाबी येतं, दुसऱ्या दिवशी चॉकलेटी डाग, दीड दिवसात बंद. ताप? नाही. उलटी? नाही. जेवण जातं का? जातं की. मग तिला म्हटलं, ही दुसरी पाळी नाहीये, तुझं बीज बाहेर पडतंय त्याच्या आसपासची ही कळ आहे आणि त्याच्याच आसपासचा हा डाग आहे. तिचा चेहरा एकदम खुलला आणि पुढचाच प्रश्न आला, "म्हणजे दुखायला लागलं की त्याच दिवशी ट्राय करायचं का?"

हा प्रश्न मला इतक्या जणी विचारतात की शेवटी बसून नीट लिहावंसं वाटलं, कारण याचं उत्तर "हो" पण नाही आणि "नाही" पण नाही, आणि त्या मधल्या उत्तरातच खरा उपयोग आहे.

आधी दुखतं का ते बघू. पाळी झाली की ओव्हरीमध्ये पाण्याचे छोटे छोटे फुगे असतात त्यातला एक मोठा व्हायला लागतो, त्याला फॉलिकल म्हणतात, आत बीज असतं. हा फुगा शेवटच्या दिवसांत रोज साधारण दोन मिलिमीटरने वाढतो आणि १८ ते २४ मिलिमीटरच्या आसपास पोचला की फुटतो. म्हणजे फुटायच्या वेळी तो जवळपास एखाद्या छोट्या द्राक्षाएवढा असतो, आणि ओव्हरी स्वतःच केवढीशी, बदामापेक्षा थोडी मोठी. तिच्यावरचं आवरण ताणलं जातं आणि काहीजणींना तो ताण जाणवतो. मग मेंदूच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच नावाचं हार्मोन एकदम भसकन वाढतं, ते फॉलिकलला "आता फूट" असा निरोप देतं. त्या निरोपानंतर फॉलिकलच्या भिंतीत प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, पाळीत ज्यांच्यामुळे पोटात गोळा येतो तेच हे, आणि त्याने सुद्धा कळ येते. शेवटी फुगा फुटला की आतलं पाणी आणि कधी चमचाभर रक्त पोटात सांडतं. पोटाच्या आतून जे पातळ अस्तर असतं त्याला हे आवडत नाही, ते चिडतं, आणि चिडलेल्या अस्तराला धक्का बसला की कळ उठते. स्पीडब्रेकरचं कोडं इथे सुटतं, ज्यांच्या बाबतीत पाणी सांडलेलं असतं त्यांना चालताना, जिना उतरताना, गाडीवर हादरा बसला की जास्त दुखतं.

तर तीन कारणं झाली, ताण, प्रोस्टाग्लँडिन आणि सांडलेलं पाणी. यातली पहिली दोन बीज बाहेर पडायच्या आधीची आहेत आणि तिसरं नंतरचं. हे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं यावर आहे. डॉक्टर लोक या दुखण्याला मिटेलश्मर्त्स म्हणतात, जर्मन शब्द आहे, अर्थ साधा आहे, मधलं दुखणं. पूर्वी सगळ्यांना वाटायचं की फुगा फुटतो म्हणून दुखतं. १९८० च्या आसपास सोनोग्राफी लावून बघायला सुरुवात झाली तेव्हा कळलं की बऱ्याच बायकांमध्ये दुखायला लागतं तेव्हा फुगा अजून शाबूत असतो, तो नंतर फुटतो, साधारण एलएच शिगेला असतं त्या सुमाराला कळ येते. पण सगळ्यांचं तसं नसतं, कुणाला आधी दुखतं, कुणाला फुटल्यावर, कुणाला दोन्ही मिळून दीड दोन दिवस. आणि पुष्कळ बायकांना आयुष्यात कधीच जाणवत नाही, त्यांचंही बीज व्यवस्थित बाहेर पडत असतं.

बाजूचं पण बोलते. दुखतं ते सहसा ज्या बाजूच्या ओव्हरीत फुगा आहे तिकडेच, पण दर वेळी नाही. आणि एक महिना उजवी, एक महिना डावी असा काही टाइमटेबल नसतो, लागोपाठ तीन महिने उजवीकडे होऊ शकतं.

आता डाग. गर्भाशयाच्या आतलं अस्तर पाळीनंतर इस्ट्रोजेनच्या जोरावर वाढत असतं. फॉलिकल जितका मोठा तितकं इस्ट्रोजेन जास्त, आणि बीज बाहेर पडायच्या जरा आधी ते सगळ्यात वर जाऊन एकदम घसरतं. बीज बाहेर पडल्यावर त्याच रिकाम्या फुग्याचा पिवळा गोळा होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन बनवायला लागतो, मग अस्तराला त्याचा आधार मिळतो. पण या दोन आधारांच्या मध्ये थोडी फट राहते. घरात लाइट गेली आणि इन्व्हर्टर सुरू व्हायला क्षणभर लागला की टीव्ही बंद होऊन परत चालू होतो ना, तसं. त्या फटीत अस्तराचा अगदी वरचा पापुद्रा काही ठिकाणी सैल होतो आणि थेंब दोन थेंब रक्त येतं. त्याच वेळी अंगावरून पांढरं जातं ते कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं तार सुटणारं असतं, त्यात ते मिसळून गुलाबी धागा दिसतो, आणि रक्त बाहेर यायला वेळ लागला की ते चॉकलेटी होऊन येतं.

पण असे डाग फार कमी जणींना दिसतात, पाळी नियमित असणाऱ्या बायकांमध्ये शंभरात साधारण पाचेक. म्हणून डाग दिसला नाही याचा अर्थ बीज तयार झालं नाही असा अजिबात नाही. आणि उलट, मधे डाग दिसला म्हणजे तो ओव्ह्युलेशनचाच, म्हणजे बीज बाहेर पडण्याचाच असेल असंही नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

स्नेहाच्या बाबतीत या डागाने एक भलताच घोळ केला होता. ती मोबाइलवरच्या ॲपमध्ये पाळी भरायची. डाग दिसला की ती नवीन पाळी म्हणून टाकायची. म्हणजे ॲपच्या हिशोबाने तिची पाळी कधी १९ दिवसांची, कधी १४ दिवसांची, आणि ते बिचारं ॲप सरासरी काढून कुठलीतरी तारीख दाखवायचं. आठ महिन्यांपैकी सुरुवातीचे पाच महिने ते दोघं त्या तारखांवर चालले होते. नंतर तिने ॲप सोडलं आणि सरळ चौदावा दिवस धरला, कारण "सगळीकडे चौदावा लिहिलेलं असतं".

इथे दोन गोष्टी मी प्रत्येकीला सांगते. पहिला दिवस म्हणजे ज्या दिवशी नीट पॅड लागेल असं रक्त सुरू झालं तो दिवस, त्याच्या आधीचा थोडा डाग नाही, आणि पाळी संपून अंघोळ केली तो दिवस तर मुळीच नाही. आपल्याकडे अजूनही कितीतरी जणी चौथ्या पाचव्या दिवसापासून मोजतात, सासूने सांगितलेलं असतं, आणि तिथेच चार दिवसांची चूक होते. दुसरी गोष्ट, चौदा हा आकडा पुढून मोजायचा नसतो, मागून मोजायचा असतो. जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस या दोन डॉक्टरांनी १९२० च्या दशकात वेगवेगळं काम करून हे दाखवलं, की बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बराचसा ठरलेला असतो, साधारण १४ दिवस, थोडं इकडेतिकडे. जो काळ लांबतो किंवा आखडतो तो आधीचा, फॉलिकल वाढायचा. त्यामुळे जिची पाळी ३३ दिवसांनी येते तिचं बीज चौदाव्या नाही तर एकोणिसाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडतं.

स्नेहाकडून मी मागचे तीन महिने आठवून घेतले आणि पुढचे तीन महिने साध्या वहीत लिहायला सांगितलं. पाळीचा पहिला दिवस, कळ कुठल्या दिवशी, कुठल्या बाजूला, किती वाजता, डाग, पांढरं कसं जातंय, आणि मेडिकलमध्ये मिळणारी ओव्ह्युलेशनची पट्टी, जी लघवीत एलएच वाढलं की गडद होते. पट्टीवर दोन रेघा आल्या म्हणजे पॉझिटिव्ह असं नसतं बरं का, प्रेग्नन्सीच्या टेस्टसारखं नाही ते. दुसरी रेघ पहिलीएवढी किंवा तिच्याहून गडद असेल तरच पॉझिटिव्ह, फिकट रेघ तर बऱ्याच दिवशी असतेच. पट्टी गडद झाल्यावर साधारण एक ते दीड दिवसात बीज बाहेर पडतं.

तिची वही माझ्या डोळ्यांसमोर आहे, शाळेची चौकोनी आखलेली वही. पहिल्या महिन्यात पाळी ३३ दिवसांची झाली, उजवीकडे कळ अठराव्या दिवशी संध्याकाळी ऑफिसच्या बसमध्ये, डाग एकोणिसाव्याला. ३३ मधून १४ गेले की १९, म्हणजे कळ आदल्या दिवशी. दुसऱ्या महिन्यात ३१ दिवस, सोळाव्याला सकाळी पट्टी गडद, त्याच रात्री कळ, परत उजवीकडे, डाग काहीच नाही. ३१ वजा १४ म्हणजे १७, इथेही कळ आदल्या दिवशी. तिसऱ्या महिन्यात मजा झाली, चौदाव्या दिवशी डावीकडे दुखलं, तिने मोठ्या अक्षरात "ओव्ह्युलेशन!!" लिहून ठेवलं, पण पट्टी अगदी फिकट. मग एकोणिसाव्याला पट्टी गडद आणि परत कळ, पाळी आली ३४ दिवसांनी. चौदाव्याचं ते दुखणं कशाचं होतं? गॅसचं असावं, दोन दिवस पोट साफ झालं नव्हतं असं तिनेच समासात लिहिलं होतं. आतडं आणि ओव्हरी शेजारी शेजारी आहेत, दुखणं ओटीपोटात एकाच जागी वाटतं, आणि जी बाई महिनाभर वाट बघत असते तिला प्रत्येक कळ तीच वाटते. म्हणून नुसत्या दुखण्यावर भरवसा ठेवू नका असं मी म्हणते.

आता तिच्या मूळ प्रश्नाकडे येते, दुखलं की ट्राय करायचं का. बीज बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. पुरुषाचे शुक्राणू मात्र त्या तार सुटणाऱ्या पांढऱ्या स्रावात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे शुक्राणूंनी आधी जाऊन थांबायचं असतं, बीज नंतर येतं, उलटं झालं तर बहुतेक वेळा गाडी चुकते. १९९५ मध्ये अमेरिकेत ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळासाठी प्रयत्न करणाऱ्या २२१ बायकांची रोजची लघवी तपासून बीज कधी बाहेर पडलं आणि संबंध कधी आला याचा मेळ घातला होता. दिवस गेले ते सगळे संबंध सहा दिवसांत आलेले होते, बीज बाहेर पडायचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. दुसऱ्या दिवसापासून एकही नाही. पाच दिवस आधी शक्यता शेकडा १० च्या आसपास आणि त्या दिवशी ३३ च्या आसपास.

हे सहा दिवस आणि स्नेहाची कळ शेजारी ठेवून बघा. तिला कळ येते बीज बाहेर पडायच्या आदल्या दिवशी. म्हणजे कळ आली तेव्हा सहातले चार दिवस होऊन गेलेले असतात, हातात उरतात दोन. त्या दोन दिवसांत नवऱ्याची नाइट असेल, तो सकाळी साडेसातला घरी येऊन झोपणार आणि ही साडेआठची बस पकडणार, तर तो महिना गेलाच. आणि जिला कळ फुटल्यानंतर, पाणी सांडल्यावर येते तिच्याकडे तर काही तासच उरतात. डाग म्हणाल तर तो सहसा आणखी उशिरा दिसतो, चॉकलेटी असेल तर त्याहून उशिरा, कारण रक्त आतून बाहेर यायला वेळ गेलेला असतो. म्हणून कळ आल्यावर सुरुवात करणं म्हणजे बस सुटायच्या वेळेला घरातून निघणं. त्या दिवशी संबंध ठेवू नका असं मी म्हणत नाहीये, नक्की ठेवा, तो दिवस चांगलाच असतो. फक्त सुरुवात तिथून करू नका.

मग कळेचा उपयोग काय? उपयोग आहे, पुढच्या महिन्यासाठी. दोन तीन महिने पट्टीबरोबर पडताळून बघितलं की आपली कळ कितव्या दिवशी येते ते कळतं, आणि मग तिच्या चार दिवस आधीपासून सुरुवात करता येते. स्नेहाच्या वहीत कळ सोळा ते एकोणीस या दिवसांत होती. सगळ्यात लवकरची सोळा, त्यातून चार गेले की बारा. तर मी तिला म्हटलं, बाराव्या दिवसापासून विसाव्यापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवा, जमलं तर रोज, तरी चालतं. शुक्राणू "साठवून" ठेवायला आठ आठ दिवस थांबायचं वगैरे काही करायचं नाही, त्याने फायदा होत नाही. आणि नवऱ्याची नाइट मधे आली तरी एक दिवसाआडच्या हिशोबात आधीचे शुक्राणू आत थांबलेले असतात, त्यामुळे एक दिवस हुकला म्हणून महिना हुकत नाही. हे ऐकून तिचा नवरा पहिल्यांदा बोलला, तोपर्यंत गप्प बसला होता. म्हणाला, "मॅडम, गेले तीन महिने ती मला ड्युटीवर फोन करून सांगायची की आज दुखतंय, लवकर ये, आणि मला सुट्टी मिळायची नाही, मग आमची भांडणं व्हायची." दोघांच्या डोक्यावरचं हे ओझं मला त्या आकड्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटलं.

कळेपेक्षा आधी सांगणारी एक फुकटची खूण आहे आणि तिच्याकडे बायका लक्ष देत नाहीत, ती म्हणजे पांढरं जाणं. ते घट्ट चिकट असतं ते बदलून निसरडं, पारदर्शक, दोन बोटांत तार सुटेल असं झालं की सहा दिवसांची खिडकी उघडली आहे. कळ खिडकी बंद व्हायच्या सुमाराला येते, हा स्राव उघडताना येतो. पट्टी मधे कुठेतरी. सकाळी उठल्या उठल्या तोंडात थर्मामीटर लावून ताप बघायची जी पद्धत आहे, त्यात तापमान वाढतं ते बीज बाहेर पडल्यावर, म्हणजे झालं हे कळतं, होणार आहे हे कळत नाही.

चौथ्या महिन्यात स्नेहाची फॉलिक्युलर स्टडी केली, खरं तर तिला एवढ्यात गरज नव्हती, पण नवऱ्याची शिफ्ट, तिचं टेन्शन आणि दुखणं बघून एकदा बघून घेऊ म्हटलं. यात एक दोन दिवसाआड सोनोग्राफी करतात. बाराव्या दिवशी उजव्या ओव्हरीत ११ मिलिमीटरचा फॉलिकल, चौदाव्याला १४, सोळाव्याला १८. सतराव्याला सकाळी पट्टी गडद, दुपारी सोनोग्राफीत २० मिलिमीटर, आणि संध्याकाळी सातला तिचा मेसेज की कळ सुरू झाली. एकोणिसाव्या दिवशी परत बघितलं तर फुगा बसलेला, कडा चुरगळलेल्या आणि गर्भाशयाच्या मागे थोडं पाणी. तिला स्क्रीनवर ते काळं चंद्रकोरीसारखं पाणी दाखवलं, म्हटलं हे बघ, याच्यामुळे तुझा स्पीडब्रेकर दुखतो. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.

एक गोष्ट गोळीची. दुखतं म्हणून बऱ्याच जणी घरात पाळीसाठी आणलेली गोळी घेतात, त्यात मेफेनॅमिक ॲसिड किंवा डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन असतं. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन कमी करतात म्हणून दुखणं थांबतं, पण फॉलिकल फुटायलाही तेच प्रोस्टाग्लँडिन लागतात. या जातीच्या गोळ्या मधल्या दिवसांत रोज, सलग घेतल्या तर कधी कधी फुगा न फुटता तसाच राहतो, बीज आतच अडकतं, आणि बाकी सगळं, सकाळचं तापमान वाढणं, वेळेवर पाळी, नेहमीसारखं होतं, त्यामुळे कळतही नाही. एखादी गोळी घेतली म्हणून घाबरून जाऊ नका, पण बाळासाठी ट्राय करत असाल तर मधल्या दिवसांत त्याऐवजी पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी बरी. संधिवातासाठी वगैरे या गोळ्या कायमच्या चालू असतील तर स्वतः बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्या डॉक्टरांना सांगा की आम्ही ट्राय करतोय.

आणि कधी हे साधं दुखणं नसतं. मधल्या दिवसांतली कळ दोन दिवसांच्या आत जाते. उजवीकडचं दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन खाली सरकलं, तासातासाला वाढत गेलं, जेवणाची वासना गेली, ताप आला, तर ते अपेंडिक्स असू शकतं. एकदम जीवघेणी कळ येऊन उलट्या सुरू झाल्या तर ओव्हरीला पीळ पडलेला असू शकतो, तेव्हा रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. पाळी पुढे गेलीय किंवा गेल्या वेळची नेहमीपेक्षा कमी झालीय आणि आता एका बाजूला दुखतंय, डाग दिसतोय, तर आधी प्रेग्नन्सीची टेस्ट करा, टेस्ट पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, कारण गर्भ नळीत राहिला असेल तर त्यात वेळ घालवून चालत नाही. दर महिन्याला मधे पण दुखतं, पाळीत पण भयंकर दुखतं, संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं असं सगळं एकत्र असेल तर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतंय का, ते बघावं लागतं.

डागाचं असं आहे, संबंधानंतर लगेच रक्त दिसतं ते ओव्ह्युलेशनचं धरू नका, गर्भाशयाच्या तोंडाला पॉलिप, इन्फेक्शन किंवा काही जखम आहे का ते डॉक्टरांनी आतून बघायला हवं. गर्भनिरोधक गोळ्या चुकल्या किंवा इमर्जन्सी गोळी घेतली तर डाग येतो. डाग महिन्यात कुठल्याही दिवशी येत असेल, पॅड लागत असेल, तीन चार दिवस चालत असेल, तर ती मधली फट नव्हे. आणि पीसीओएस असणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते, तुमच्यात एलएच आधीच जास्त असू शकतं, त्यामुळे पट्टी महिन्यात तीनदा गडद दिसेल आणि बीज एकदाही बाहेर पडलेलं नसेल. तुम्ही पट्टीवर आणि कळेवर महिने घालवू नका. बाकीच्यांनी वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर, पुढे असेल तर सहा महिने ट्राय करून डॉक्टरकडे या, आणि येताना नवऱ्यालाही घेऊन या, वीर्याची तपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त असते, ती आधी.

स्नेहाच्या पाचव्या महिन्यात कळच आली नाही. वीस दिवस झाले, एकवीस झाले, डाग नाही, दुखणं नाही, पट्टीही त्या महिन्यात तिने आणली नव्हती. फोनवर रडत होती, बीजच नाही झालं म्हणाली. तिला म्हटलं पांढरं कसं गेलं ते वहीत बघ. पंधरा, सोळा, सतरा, तीन दिवस "तार" लिहिलेलं होतं. मग पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी, तिच्या हिशोबाने पंचविसाव्या दिवशी, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन बघायला सांगितलं. हे बरेच जण सरसकट एकविसाव्या दिवशी करतात, पण तो दिवस २८ दिवसांच्या पाळीचा आहे, ३२, ३३ दिवसांच्या पाळीत एकविसाव्याला केलं तर रिपोर्ट कमी येतो आणि उगाच घाबरायला होतं. ३ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर बीज बाहेर पडलंय असं समजतात. तिचं आलं ११. पुढच्या वेळी वही दाखवायला आली तेव्हा त्या महिन्याच्या ओळीत कळेचा रकाना रिकामा होता, डागाचा रिकामा होता, आणि शेवटी हिरव्या पेनने ११ लिहून त्याला दोनदा गोल केलेला होता.